कंपनीची समुपदेशन हेल्पलाइन: बोललेलं तिथेच राहतं का?

मृणाल: ऑफिसात कार्डं वाटलीत, '२४ तास, पूर्णपणे गोपनीय'. महिनाभर झोप नाही, कुणाशी तरी बोलायचंय. पण बिल कंपनी भरते, म्हणजे एचआरला कळणारच ना? आमच्या शाखेत जेमतेम ११ माणसं.

सदाभाऊ: फोन करूच नकोस बाई. ज्याचं मीठ खातात, त्याचीच चाकरी करणार.

विवेक: उगाच घाबरवू नका. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. उपचाराची माहिती कुणालाही देता येत नाही. विषय संपला.

ललिता: इतक्यात नाही संपत. मी अशा लाइनवर सहा वर्षं होते. त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये अपवाद आहेत: जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, कोर्टाचा आदेश. लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार कानावर आला, तर पॉक्सोखाली कळवावंच लागतं. हे आम्ही सुरुवातीलाच सांगायचो.

मृणालताई, तुमची अडचण वेगळी आहे. आमच्याकडून एचआरला नावं जात नसत. जायचा तो तिमाही अहवाल, किती फोन आणि कशासाठी. एकदा मसुद्यात एका डेपोचा स्वतंत्र रकाना निघाला: फोन १, कारण दारू. तिथे माणसं बारा. नाव कशाला हवं? आम्ही तो आकडा अख्ख्या विभागात मिसळला. सगळे तसं करतात असं नाही. म्हणून नाव सांगण्याआधीच विचारा, शाखावार आकडे देता का? आणि एम्प्लॉयी कोड घेतला, तर तो बिलाबरोबर कंपनीकडे जातो का?

प्रसाद: माझं तर उघडच झालं. उशिरा येतो म्हणून मॅनेजरनेच पाठवलं, एका कागदावर सही घेतली. मी गेलो की दांडी मारली, सगळं त्याला कळत होतं.

ललिता: तुम्ही आपणहून फोन केला नव्हता, पाठवलं होतं. तिथे सहसा हजेरी कळवतात. आत काय बोललात तेही कळवायचं का, हे त्या सहीच्या कागदावर ठरतं. वाचला होता?

प्रसाद: कोण वाचतं हो.

शुभांगी: साहेब नको ते मेसेज पाठवतात. तिथे सांगितलं तर कारवाई होईल?

ललिता: नाही. ऐकून घेतील, धीर देतील, पण ती तक्रार धरली जात नाही. कंपनीत लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या अंतर्गत समितीकडे लेखी द्या, शेवटच्या मेसेजपासून तीन महिन्यांच्या आत. मेसेज पुसू नका. लाइनवर मन मोकळं करण्यात मुदत गेलेली मी पाहिलीय.

सदाभाऊ: एवढी उलटतपासणी घेऊन फोन करायचा, त्यापेक्षा सरकारचं टेलि-मानस बरं. १४४१६. कंपनीचा संबंधच नाही.

ललिता: तेही करावं. कंपनीच्या योजनेत एकाच माणसाशी चार-सहा बैठका फुकट मिळू शकतात, एवढाच फरक.

सदाभाऊ: फुकट म्हणूनच भीती वाटते.

मृणाल: विचारलं. कोड बिलात जात नाही म्हणाले. शाखावार आकड्यांचं 'विचारून कळवतो'. तोवर १४४१६ लावते.