डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासला: तुमचे किती तास गेले?

बारा वर्षांची शुगर, वय ५३, इन्शुलिन चालू. दरवर्षी पडदा तपासते, पण या वेळी फजिती झाली, म्हणून धागा काढतेय.

गंगापूर रोडला नंबर होता. १०.४० ला पहिले थेंब, पंधरा मिनिटांनी दुसरे. जरा चुरचुरतात. ११.२५ ला डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, उजवी बाहुली मोठी झाली होती, डावी अर्धवटच. आणखी एक थेंब, आणखी वीस मिनिटं. पडदा ठीक निघाला. बारा वाजता रस्त्यावर आले तर ऊन डोळ्यांत टोचत होतं. स्कूटर तिथेच ठेवून रिक्षाने इंदिरानगरला घरी. इथवर शहाणपणा केला.

दीड वाजता जेवणाआधी इन्शुलिनचं पेन घेतलं आणि आकडाच दिसेना. आठ की अठरा? घरी कोणी नाही. मग टकटक मोजून आठ घेतले आणि बसले घाबरत. साडेपाचला अक्षरं स्पष्ट झाली. तुम्हाला किती वेळ लागला? घरी कसं गेलात? लिहा.

पंचवटीचा पोरगा
वय ३४, चष्मा नाही. डोळ्यांपुढे ठिपके तरंगायला लागले म्हणून गेलो होतो. थेंबांनंतर लांबचं बरं दिसत होतं, म्हणून म्हटलं चला, बाइक काढू. सिग्नल दिसत होते, पण द्वारका चौकात समोरच्या गाडीच्या काचेवरून ऊन चमकलं आणि दोन सेकंद नुसतं पांढरं. मधून चालणारा माणूस अगदी जवळ आल्यावर कळला. बाइक कडेला लावली, भावाला बोलावलं. त्याला फोन लावतानाही नाव वाचता येईना.

निवृत्त नेत्रसहायक
तीस वर्षं हे थेंब घातलेत. ताई, तुम्ही चाळिशी लावून पाहिलीत का? थेंब दोन कामं करतात. बाहुली उघडतात आणि जवळचं पाहायला डोळ्यातला जो स्नायू आवळतो त्याला सैल करून टाकतात. तुमच्या वयाला तो स्नायू तसाही फारसा उपयोगाचा नसतो, म्हणून चाळिशी लावून पेन जरा लांब धरलं असतं तर आकडा बहुतेक कळला असता. पंचवटीच्या भाऊंचा स्नायू तरुण, म्हणून त्यांचं जवळचं एकदम गेलं. ज्यांना मायनस नंबर आहे ते चष्मा काढून वाचतात, त्यांची मजा असते.

टकटक मोजून डोस धरू नका, पेनाच्या माहितीपत्रकातही तसंच लिहिलेलं असतं. शेजाऱ्यांना आकडा वाचायला सांगा. डावी बाहुली कमी उघडली त्याचं नवल नाही, जुन्या शुगरमध्ये ती हट्टी होते. आणि न उघडता तपासत का नाहीत? बॅटरी मारली की बाहुली आणखी मिटते. दाराच्या फटीतून खोली बघण्यासारखं आहे, मधलं दिसेल, कडेचे कोपरे नाही. ठिपके दिसणाऱ्याला नेमकं कडेलाच छिद्र असू शकतं.

सिडकोची आई
आमच्या सहा वर्षांच्या लेकीला तर तीन दिवस घरी मलम लावायला दिलं होतं, बाहुल्या आठवडाभर मोठ्याच! शाळेत फळ्यावरचं दिसायचं, वही दिसायची नाही. बाईंना चिठ्ठी द्यावी लागली. तुमचं साडेपाचला कसं उतरलं?

निवृत्त नेत्रसहायक
मुलांचं औषध वेगळं, ॲट्रोपिन. नंबर काढताना मुलं डोळ्याला ताण देतात, तो पूर्ण सोडवायला ते देतात. उतरायला दहा-बारा दिवससुद्धा जातात. मोठ्यांच्या थेंबांचा अंमल साधारण चार ते सहा तास, काहींना दुसऱ्या सकाळपर्यंत.

देवळाली कॅम्प
काचबिंदू असेल तर हे थेंब घालायचेच नाहीत. माझ्या मेव्हण्यांना सक्त ताकीद आहे.

निवृत्त नेत्रसहायक
मेव्हण्यांच्या डोळ्याचा कोन अरुंद असणार. त्यांच्यासाठी बरोबर, सगळ्यांसाठी नाही. बहुतेक काचबिंदूवाल्यांना आम्ही थेंब घालतच होतो. अरुंद कोनात बाहुली उघडताना आतल्या पाण्याची वाट बुजू शकते. म्हणून घरी गेल्यावर डोळा ठणकला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी आली तर ‘थेंब उतरतील’ म्हणून झोपायचं नाही, रात्र असली तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. नुसती धूसर नजर आणि उजेडाचा त्रास हे नेहमीचं.

पंचवटीचा पोरगा
मग गाडी कधी चालवायची? मला एकाने चार तास सांगितले, दुसऱ्याने दुसरा दिवस.

निवृत्त नेत्रसहायक
घड्याळावर ठरवू नका. आरशात बाहुल्या नेहमीएवढ्या दिसायला हव्यात, उन्हात डोळे मिटायला नकोत, लांबची पाटी वाचता यायला हवी. संध्याकाळ झाली असेल तर मी चालवू देणार नाही, समोरचे दिवे फुटल्यासारखे पसरतात.

धागाकर्ती
चाळिशी पर्समध्येच होती हो! काहीच दिसत नाही म्हटल्यावर ती लावायची कशाला, असं वाटलं. स्कूटर दुसऱ्या दिवशी भाच्याने आणून दिली. नणंदेचाही पुढच्या शुक्रवारी नंबर आहे, तिला बीपी आहे. त्याचा काही संबंध?

निवृत्त नेत्रसहायक
थेंब घालायच्या आधी सांगायला लावा. एका औषधाने बीपी वाढू शकतं, दुसरं एकटं वापरता येतं. कुठलं घालायचं ते डॉक्टर ठरवतील.