कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत का येतं? आपापले अनुभव सांगा

मी लालबागला घरूनच खणाची तोरणं आणि पर्स विकते. ऑर्डर इन्स्टावर येतात आणि बहुतेकांना पैसे दारात द्यायचे असतात. दहातली तीनेक पार्सलं 'ग्राहकाने नाकारले' असा शेरा घेऊन परत येतात. फोन केला तर कुणी उचलत नाही, कुणी म्हणतं, "अहो, पार्सल आलंच नाही." तुमच्याकडे ती का परत येतात आणि तुम्ही काय केलंत, ते लिहा. 'कॅश बंद करा' एवढंच सांगू नका. बंद केलं की माझ्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी जातील.

— खणवाली

*

सरळ आहे. लोकांना रात्री झोप येत नाही, मग ऑर्डर करत बसतात. सकाळी विसरतात. भुलेश्वरला आमचा इमिटेशनचा धंदा आहे. जिथून माल परत येतो ते पिनकोड मी कॅशसाठी बंद करून टाकतो. डोक्याला ताप नाही.

— भुलेश्वरकर

*

मला तर उलटाच अनुभव. बूट मागवले, एक साईज लहान आले, परत पाठवले, पण पैसे अजून आले नाहीत. विकणारे फोन उचलत नाहीत. त्याचं काय?

— अंधेरीचा_पक्या

*

पक्या, तुम्ही माल घेतलात, पैसे दिलेत, मग परत केलात. ती वेगळी गोष्ट. इथे पार्सल दारातूनच परत जातं, विकणाऱ्याला रुपया मिळत नाही आणि जाण्यायेण्याचं भाडं त्याच्याच खिशातून जातं.

मी बरीच वर्षं कुरियरच्या हबवर काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 'नाकारले' हा शेरा लगेच खरा मानू नका. डिलिव्हरी बॉयकडे दिवसाची पार्सलं भरपूर असतात. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नाही किंवा वॉचमन आत सोडत नाही, असं झालं की काही जण खालूनच शेरा टाकून मोकळे होतात. पॅनलवर प्रयत्नाची वेळ बघा. एकाच भागातल्या तुमच्या तीन-चार पार्सलांवर रात्री साडेआठच्या सुमाराला, काही मिनिटांच्या अंतराने तोच शेरा असेल, तर तो हबवर बसून टाकलेला असण्याची शक्यता जास्त. त्याच संध्याकाळी ग्राहकाला विचारा, "तुम्हाला फोन आला होता का?" नाही म्हणाले तर लगेच पॅनलवरून पुन्हा प्रयत्न मागा. एक-दोन दिवस तसेच गेले तर पार्सल आपोआप परतीला लागतं. नाकारताना ग्राहकाच्या मोबाईलवरचा ओटीपी घेण्याची सोय काही कुरियर देतात. ती असेल तर चालू करून घ्या, खोटे शेरे कमी होतात. नाहीसे होत नाहीत.

भुलेश्वरकर, पिनकोड बंद करणं अर्धं बरोबर आहे. पण तिथली गडबड ग्राहकांची नसून त्या भागातल्या हबची असली, तर चांगलं गिऱ्हाईकही जातं. आधी दुसऱ्या कुरियरने पाठवून बघा.

— हबवरचा_माणूस

*

मी विक्रेती नाही, नाकारणाऱ्यांपैकी आहे! मुलुंडहून रोज फोर्टला जाते, दिवसा घरी सासूबाई. मागच्या महिन्यात अकराशेची साडी मागवली होती. पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'चं. ते पेज मला 'अमुक साडीज' म्हणून माहीत. सासूबाईंनी फोन केला, मी लोकलमध्ये, रेंज नाही. न मागवलेली पार्सलं पाठवून पैसे उकळणारे असतात हे त्यांनी ऐकलेलं, त्यामुळे त्यांनी परत पाठवलं. त्यांचं काय चुकलं सांगा?

— मुलुंडची_सून

*

मुलुंडची_सून, अगदी! माझ्या लेबलवर नवऱ्याच्या नावाची फर्म यायची, कारण खातं त्यांच्या नावावर. कुरियरच्या सेटिंगमध्ये पेजचं नाव दाखवता येतं हे उशिरा कळलं. आता माल निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर वस्तूचा फोटो, दारात द्यायची नेमकी रक्कम आणि पार्सलवरचं नाव पाठवते. खाली एकच प्रश्न: 'दिवसा पार्सल कोण घेणार, त्यांचा नंबर द्याल का?' ज्यांना खरंच हवं असतं ते आईचा, शेजाऱ्यांचा नंबर देतात. उत्तर आलं नाही तर पार्सल थांबवून ठेवते. नुसतं 'हो' आलेली पार्सलं माझ्याकडेही परत आली आहेत, नंबर दिलेली फार कमी.

— डोंबिवलीची_कुर्तीवाली

*

खणवालीताई, एक तोरण केवढ्याला, जाहिरात करता का? नफा कुठे जातो ते कागदावर मांडू या.

— हबवरचा_माणूस

*

तोरण ६९९ ला, भाडं त्यातच. माल ३००, पॅकिंग २०, जायचं भाडं ७५, कॅश गोळा करायचे ३५. परत आलं तर ३५ लागत नाहीत, पण परतीचे ६५ लागतात. जाहिरातीला एका ऑर्डरमागे साधारण १००.

— खणवाली

*

जाहिरात धरली नाही तर पोचलेल्या तोरणावर २६९ सुटतात. परत आलेल्यावर पॅकिंग आणि दोन्ही भाडी मिळून १६० जातात. दहांत तीन परत आली तर सात पोचल्याचे १,८८३, त्यातून ४८० गेले, उरले १,४०३. जाहिरातीचे १,००० काढा, हातात ४०३. आता चार परत आली तर? १,६१४ मधून ६४० गेले, ९७४ उरले आणि जाहिरात हजाराची. म्हणजे २६ रुपये खिशातून. जाहिरातीचे पैसे ऑर्डर आली की लागतात, पार्सल पोचो न पोचो. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे.

म्हणून थोडा ॲडव्हान्स घ्या, ९९ रुपये. समजा दहातले तीन जण तिथेच गळले, सात राहिले आणि त्यातलं एक परत आलं. सहा तोरणांचे १,६१४, परतीचे १६० गेले, पण ९९ राहिले, म्हणजे १,५५३. जाहिरात वजा जाता ५५३. विक्री घटली, पैसे वाढले. पण दहातले पाच गळले, तर हे गणित कोसळतं. आधी थोड्याच ऑर्डरींवर करून बघा. पार्सल नाकारलं तर ९९ परत मिळणार नाहीत हे ऑर्डर घेतानाच लिहून कळवा, नाहीतर पेजवर शिव्या पडतील.

— हबवरचा_माणूस

*

९९ रुपये आधी दे म्हटलं की आमच्याकडचं नवीन गिऱ्हाईक पळतं. 'फ्रॉड आहे' म्हणतात. जुन्यांना जमेल, नव्यांना नाही.

— भुलेश्वरकर

*

मी उलटं करते. पूर्ण पैसे आधी दिले तर ४० कमी. कॅश गोळा करायचे ३५ तसेही वाचतात, म्हणजे मला पाचच पडतात. त्यात भीती वाटायचं कारण नाही. पण याने सगळे वळत नाहीत, हेही खरं.

— डोंबिवलीची_कुर्तीवाली

*

सणाच्या मालाचं कुणी बोललं नाही. गणपतीचं मखराचं सामान चतुर्थीनंतर पोचलं तर कोण घेईल? तिथे ग्राहकाला दोष देऊच नये. आणि परत आलेला माल पुढच्या वर्षापर्यंत गोदामात. आम्ही मुंबईबाहेरची कॅश सणाच्या दहा दिवस आधी बंद करतो, मुंबईतली चार दिवस आधी. त्यानंतर फक्त परळच्या दुकानातून येऊन न्या.

— परळचा_मखरवाला

*

मखरवाले, हे दिवाळीच्या तोरणांना लगेच लागू करते. लेबलवरचं नाव आजच बदललं. ९९ चं मात्र ठरत नाहीये. फक्त नवीन नंबरवरून, हजाराच्या वरच्या ऑर्डरला ॲडव्हान्स घेतला तर? कुणी केलंय का असं?

— खणवाली