पीएसए १४.२ आला, तरी थांबायचं? घरात दोन तट पडलेत

थोरला
वडील ६४ वर्षांचे. लघवी पूर्ण तुंबली म्हणून कॅथेटर घातला, सोबत थंडीताप, लघवीच्या कल्चरमध्ये जंतू निघाले. चौथ्या दिवशी रक्ताच्या तपासण्यांत कुणीतरी प्रोस्टेट कॅन्सरच्या शंकेसाठी करतात तो पीएसएही टाकला, तो १४.२ आला. रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘हाय’ आणि बाजूला ०-४. यूरॉलॉजिस्ट म्हणतात, सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करू. धाकटा भाऊ म्हणतो ही चालढकल आहे, बायोप्सी लगेच करा. तुमचं मत काय?

रोखठोक
मी तुमच्या धाकट्याच्या बाजूने. ४ ची रेघ कुणी उगाच ओढलेली नाही, आणि हा तर त्याच्या तिपटीहून जास्त. आमच्या मामांचा ११ होता. ‘वयानुसार वाढतो’ म्हणत वर्ष काढलं आणि नंतर हाडांत पसरलेला सापडला. १० च्या वर पीएसए असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना बायोप्सीत कॅन्सर निघतो, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. सहा आठवडे कशाची वाट बघायची?

मूत्रशल्य
रोखठोक, आकडा बरोबर आहे. पण तो कुणाचा, हे बघा. ताप नाही, कॅथेटर नाही, लघवी तुंबलेली नाही, अशा स्थितीत रक्त दिलेल्या माणसांचा. थोरल्यांच्या वडिलांकडे तिन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या. त्यांना तो लावता येत नाही.

पीएसए कॅन्सरमध्ये तयार होणारं काही वेगळं रसायन नाही. प्रत्येक निरोगी प्रोस्टेट ते वीर्य पातळ ठेवण्यासाठी रोज बनवते. वीर्यात ते रक्ताच्या साधारण दहा लाखपट असतं. ग्रंथीच्या नलिकांचं अस्तर शाबूत असेल तर रक्तात अगदी थोडं झिरपतं, आणि रिपोर्टवर दिसतो तो या झिरपण्याचा आकडा. अस्तर कॅन्सरने विस्कटतं, तसंच संसर्गाच्या सुजेनेही फाटतं, आणि तुंबलेल्या लघवीच्या दाबाने किंवा कॅथेटर घालतानाच्या इजेनेही. ग्रंथी नुसती मोठी झाली असेल तर अस्तर ठीक असूनही एकूण झिरपणं जास्त. रक्त तपासणाऱ्या यंत्राला यातलं काहीच वेगळं दिसत नाही. संसर्गात पन्नासच्या वर गेलेला पीएसए दोन महिन्यांत ३ वर आलेला मी पाहिला आहे.

आता थांबायचं कशासाठी? रक्तात आलेला पीएसए दोन-तीन दिवसांत निम्मा होतो. गळती एका दिवसात बंद झाली असती तर दोन आठवडे पुरले असते. पण ग्रंथीची सूज जंतू मेल्यावरही रेंगाळते आणि गळती चालू राहते, म्हणून सहा-आठ आठवडे. दुसरं म्हणजे संसर्ग ताजा असताना ग्रंथीत सुया घातल्या तर जंतू थेट रक्तात जाऊन माणूस आयसीयूत पोहोचू शकतो. धाकट्या बंधूंना हे जरूर सांगा.

मात्र थांबण्यालाही अटी आहेत. बोटाने तपासताना टणक गाठ लागली असेल, कंबरेच्या हाडात सतत दुखत असेल, किंवा आकडा शंभराच्या पुढे असेल, तर मी संसर्गाचा उपचार करतानाच पुढच्या तपासण्या सुरू करीन. रोखठोक, तुमच्या मामांच्या बाबतीत एक वर्ष गेलं, आणि मधे तपासणी पुन्हा झाली नसावी. इथे तारीख ठरवून थांबायचं आहे.

नको_ती_टेस्ट
एवढी ‘जर-तर’ लागणारी तपासणी करायचीच कशाला? ज्या रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनी १९७० मध्ये प्रोस्टेटमधलं अँटिजेन दाखवलं, त्यांनीच २०१० मध्ये लिहिलं की या तपासणीने सार्वजनिक आरोग्याची वाट लावली. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ गटाने २०१२ मध्ये ‘करू नका’ म्हटलं. वडिलांना घरी न्या आणि कागद फाडून टाका.

मूत्रशल्य
अर्धीच गोष्ट सांगताय. अ‍ॅब्लिन यांचा रोख धडधाकट पुरुषांना सरसकट रांगेत उभं करण्यावर होता. त्याच तज्ज्ञ गटाने २०१८ मध्ये भूमिका बदलली: ५५ ते ६९ वयात डॉक्टरशी बोलून ज्याने त्याने ठरवावं, सत्तरीनंतर चाळणी म्हणून नको. युरोपातल्या मोठ्या चाचणीचे २३ वर्षांचे निकाल २०२५ मध्ये आले. तपासणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी, म्हणजे ४५६ पुरुषांना बोलावलं तेव्हा एक मृत्यू टळला. याला कुणी थोडं म्हणेल, कुणी पुष्कळ, तो वाद रास्त आहे. पण थोरल्यांच्या वडिलांना लघवीचा त्रास आहे. त्यांचा प्रश्न चाळणीचा नाहीच.

नको_ती_टेस्ट
४५६ मधल्या उरलेल्या ४५५ जणांचं काय झालं तेही सांगा की. ज्यांचा कॅन्सर कधी त्रास देणारच नव्हता अशांच्या शस्त्रक्रिया झाल्या, लघवीवरचा ताबा गेला. माझं मत कायम आहे.

पॅडलबहाद्दर
माझा ५.१ आला होता. कुणीतरी सांगितलं सायकल बंद करा. महिनाभर बंद केली, ३.९ आला. म्हणजे सगळा दोष सीटचा होता आणि मी सुटलो. वडील सायकल चालवतात का ते बघा आधी.

लॅबमधून
पॅडलबहाद्दर, एवढ्यावरून सीटला आरोपी करता येत नाही. काही न करता आठवड्याने रक्त दिलं तरी पीएसए पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे होतो. शिवाय दोन्ही वेळा लॅब एकच होती का? पीएसएची किट्स दोन वेगवेगळ्या मानकांना जुळवलेली असतात, आणि एकाच नळीतलं रक्त दोन्हींवर लावलं तर पाचवा हिस्सा सहज फरक पडतो. जुन्या मानकावरचा ५.१ नव्यावर ४ च्या आसपासच दिसेल. रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल आणि वीर्यस्खलन टाळा म्हणतात, ते ठीकच. पण पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये करा.

आणि ३.९ ला ‘सुटलो’ म्हणू नका. ४ च्या खाली पीएसए असलेल्या पुरुषांच्या बायोप्सी करून पाहिल्या तेव्हा दर शंभरात पंधरा जणांना कॅन्सर निघाला होता, २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ४ ते १० मध्ये हेच प्रमाण साधारण चारात एक. रेघेच्या अलीकडे-पलीकडे असा लख्ख फरक नाहीच.

सुनीता_क
याला दुजोरा. यांचा पीएसए दरवर्षी ३ च्या घरात, रिपोर्ट ‘नॉर्मल’. प्रोस्टेट लहान करायला फिनास्टेराइड चालू होतं, पाच-सहा वर्षं. नवीन डॉक्टरांनी गोळ्यांची यादी पाहिली आणि म्हणाले, ही गोळी पीएसए निम्म्यावर आणते, यांचा ३.२ म्हणजे ६.४ समजा. आणि गोळी चालू असताना तो २.१ वरून ३.२ झालाय, ही वाढ जास्त वाईट. एमआरआयमध्ये ठिपका दिसला, बायोप्सीत कॅन्सर निघाला. तेव्हा आकडा नुसता वाढलेलाच फसवतो असं नाही.

थोरला
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांचं ऐकलं. सात आठवड्यांनी, कॅथेटर निघून, कल्चर स्वच्छ आल्यावर त्याच लॅबमध्ये केला: ५.६. सोनोग्राफीत प्रोस्टेट ६२ मिली. बोटाच्या तपासणीत मऊ, गाठ नाही.

रोखठोक
५.६ हा अजूनही ४ च्या वरच.

लॅबमधून
पण ६२ मिलीच्या ग्रंथीतून. साधारण २५ मिलीच्या ग्रंथीतून ५.६ येणं वेगळं. ५.६ भागिले ६२ म्हणजे ०.०९. या घनतेची नेहमीची सीमा ०.१५ धरतात, त्यापेक्षा बरीच कमी. वाढलेल्या प्रोस्टेटचाच पीएसए आहे हा. माझ्या मते विषय संपला.

मूत्रशल्य
थोरले, घाई नको. लघवी तुंबल्यावर घरी सोडताना कोणत्या गोळ्या दिल्या होत्या? पाकिटावरचं नाव वाचून सांगा.

थोरला
एकाच कॅप्सूलमध्ये दोन औषधं आहेत. टॅम्सुलोसिन ०.४ आणि ड्युटास्टेराइड ०.५. रोज रात्री एक, घरी आल्यापासून सुरू.

मूत्रशल्य
हीच शंका होती. टॅम्सुलोसिनने पीएसए हलत नाही. ड्युटास्टेराइड हे सुनीताताईंनी सांगितलेल्या गोळीचंच भावंड. सहा महिन्यांत पीएसए निम्मा होतो, आणि सात आठवड्यांत उतार सुरू झालेला असतो, पण किती झाला ते माणसागणिक वेगळं. म्हणजे १४.२ वरून ५.६ पर्यंतच्या उताराला दोन वाटेकरी आहेत, ओसरलेली सूज आणि गोळी. कुणाचा वाटा किती, हे या आकड्यावरून सांगता येणार नाही. गोळीचा परिणाम अजून शून्य धरला तर घनता ०.०९. पूर्ण झाला असं धरून दुप्पट केली तर ११.२ भागिले ६२, म्हणजे ०.१८. सीमा नेमकी या दोघांच्या मधे पडते. खरं उत्तर मधेच कुठेतरी असणार, त्यामुळे ‘विषय संपला’ मी म्हणणार नाही. बायोप्सीही आज नाही. आधी प्रोस्टेटचा एमआरआय.

लॅबमधून
औषधाची माहिती आमच्या फॉर्मवर कधी येतच नाही. हा खुलासा मान्य.

रोखठोक
आणि एमआरआय स्वच्छ आला तर? तेव्हा परत ‘थांबा’च ना?

मूत्रशल्य
एमआरआयमध्ये १ ते ५ श्रेणी देतात. ४ किंवा ५ आली तर बायोप्सी, त्या ठिपक्यावर नेम धरून. ३ आली तर बाकीचं चित्र बघून ठरतं. १-२ आली आणि घनता कमी असेल तर मी दर सहा महिन्यांनी पीएसए बघत राहीन. १-२ येऊनही घनता ०.१५ च्या वर असेल तर मी बायोप्सीचा विषय काढतो. माझे एक सहकारी तेव्हाही थांबतात, कारण स्वच्छ एमआरआयमधून निसटतात ते बहुधा सौम्य कॅन्सर. थोरल्यांच्या वडिलांची घनता कुठे आहे हेच नक्की नसल्याने आमचं दोघांचं इथे जमणार नाही. तेव्हा स्वतः वडील काय म्हणतात हेही विचारात घ्यावं लागेल.

थोरला
एमआरआयची तारीख मिळाली आहे. तोवर ती कॅप्सूल बंद करून खरा पीएसए बघता येईल का? भावाची सूचना आहे.

मूत्रशल्य
नको. तिचा परिणाम शरीरातून जायला महिने लागतात, आणि टॅम्सुलोसिन थांबलं तर लघवी पुन्हा तुंबू शकते. मग कॅथेटर, आणि पीएसए पुन्हा बिनकामाचा. कॅप्सूल चालू ठेवा आणि रेडिओलॉजिस्टला मागचा संसर्ग कधी झाला ते लिहून द्या, कारण जुन्या सुजेचा डागही एमआरआयवर गाठीसारखा दिसतो.

नको_ती_टेस्ट
म्हणजे एमआरआयसुद्धा ‘जर-तर’चाच.

मूत्रशल्य
हो.