कर्णाचा शाप वाचकाला केव्हा कळावा?

लेखनार्थी: पुढे जे घडणार त्याचे बीज पहिल्या पानांतच पेरलेले हवे आणि ज्यातून काही निष्पन्न होत नाही तो तपशील छाटलाच पाहिजे. चेखॉव्हचा हा साधा नियम आपले कथाकार का पाळत नाहीत?

नाट्यवेडी: चेखॉव्हचा दाखला देण्याआधी त्याची नाटके वाचावीत. झाडायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये, असे त्याने १८८९ मध्ये एका पत्रात लिहिले हे खरे. पण १९०४ साली रंगमंचावर आलेल्या ‘चेरी ऑर्चर्ड’च्या दुसऱ्या अंकात शार्लोटा खांद्यावरची बंदूक उतरवून पट्ट्याचे बक्कल नीट करते, येपिखोदॉव्ह जवळचे पिस्तूल काढून दाखवतो, आणि नाटक संपेपर्यंत दोन्हींतून गोळी सुटत नाही. त्या शस्त्रांतून माणसे कळतात. ती छाटणार कशी?

पारावरचा: एका नाटकाने नियम मोडत नाही. व्यासांनी कर्णाचा शाप आदिपर्वातच सांगून ठेवला, म्हणूनच चाक रुतते तेव्हा तो योगायोग वाटत नाही.

जुनी पोथी: हे मालिका पाहून केलेले विधान आहे. चाक गिळले जाईल हा शाप कर्ण स्वतः शल्याला सांगतो तो कर्णपर्वात, अर्जुनाशी अखेरची गाठ पडण्याआधी. आणि नारद युधिष्ठिराला ती हकिकत सविस्तर ऐकवतात ती शांतिपर्वात, म्हणजे कर्ण मेल्यानंतर. ज्याच्या हाती त्या रथाचे लगाम आहेत त्यालाच चाकाची भीती सांगितली जाते, ही पेरणी पहिल्या पानांवर झाली असती तर इतकी बोचली नसती.

पारावरचा: पर्वाबाबत तुमचे मान्य करतो, पण शाप चाकाच्या आधीच येतो ना? मग माझा मुद्दा उभाच आहे. आणि मालिकेचा टोमणा अनावश्यक होता.

माजघर: तुमचे पर्व राहू द्या, संपादकांच्या कात्रीबद्दल बोला. माझ्या कथेतली आजी रोज रात्री कडी लावून झाल्यावर पुन्हा उठून ती चाचपून पाहायची. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी तो परिच्छेद ‘कुठेच जात नाही’ म्हणून काढला. शेवटी पहाटे दार नुसते लोटलेले सापडते, तर वाचकांनी विचारले, त्यात घाबरण्यासारखे काय आहे?

जुनी पोथी: तो परिच्छेद काढायला नको होता, पण दोष छाटणीचा नसून छाटण्याआधी शेवट न तपासण्याचा आहे. तपशील काढून कथा शेवटपर्यंत वाचावी आणि नंतरचे कोणते वाक्य लुळे पडते ते पाहावे. तुमच्या कथेत दाराचे वाक्य पडले. मात्र कडीचा परिच्छेद दाराच्या अगदी आदल्या पानावर असेल, तर वाचकाला लेखकाचा हात दिसतो. तो आजीच्या इतर सवयींत, मागे कुठेतरी मिसळलेला हवा.

नाट्यवेडी: या कसोटीवर शार्लोटाची बंदूक काढली तर नंतरचे एकही वाक्य पडत नाही. तरी ती काढू देणार नाही.

माजघर: आणि मिसळलेला तपशीलच संपादकांना फापटपसारा वाटतो, त्याचे काय करायचे?