स्टिरॉइडनंतर बीपीपी ६: थांबायचं की सिझर?

तालुका_लेबररूम: ३३ आठवडे, प्रीएक्लॅम्प्सिया, गोळ्यांवर बीपी १४०/९०. बेटामेथासोन १२ मिग्रॅचा दुसरा डोस काल संध्याकाळी दिला. आज एनएसटी ४० मिनिटं लावूनही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. बीपीपी १० पैकी ६. सिझर घ्यावं का?

कात्रीवाले: घ्या. अशा केसमध्ये वार कधी दगा देईल सांगता येत नाही. ३३ आठवड्यांचं बाळ एनआयसीयू सांभाळेल, पोटात गेलेलं कोण सांभाळणार?

सोनोखोली: नुसत्या ६ वरून काय कळणार? चार गुण गेले कुठे?

तालुका_लेबररूम: एनएसटीचे २, श्वासाचे २. हालचाली, टोन ठीक. पाण्याचं सर्वात खोल पॉकेट ४ सेंमी. डिसेलरेशन नाहीत.

सोनोखोली: मग घाई नको. बेटामेथासोननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ सुस्तावतं. व्हेरिएबिलिटी उतरते, श्वास कमी दिसतो, आणि चौथ्या दिवसापर्यंत बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. पाणी मात्र स्टिरॉइडने असं आटत नाही. ते कमी असतं तर मी वेगळं बोलले असते. आणि श्वास किती वेळ पाहिला? ३० मिनिटांत एकदा जरी सलग ३० सेकंद दिसला तरी २ गुण. गर्दीत दहाव्या मिनिटाला प्रोब उचलून शून्य लिहिणारे कमी नाहीत.

आर्याची_आई: माझ्या वेळी ३९व्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पाजून पट्टी परत काढली, मस्त आली. तेच करा ना!

रात्रपाळी_सिस्टर: ताई, बाळ झोपलं असेल तर २०-४० मिनिटांत आपलं आपण उठतं, नाव ग्लुकोजचं होतं. पोटावर आवाजाचं यंत्र लावलं तर खरंच जागं होतं. इथे तेही करून बघा.

कात्रीवाले: ऑक्सिजन कमी पडला तरी आधी एनएसटी आणि श्वासच जातात, टोन सर्वात शेवटी. चित्र हेच! औषधाने की गुदमरून, ओळखणार कसं?

सोनोखोली: या पट्टीवरून नाहीच ओळखता येणार. म्हणून नाळेचा डॉपलर आजच करा. डायस्टोलमध्ये प्रवाह नीट असेल, आईच्या प्लेटलेट्स आणि लिव्हरचे रिपोर्ट ठीक असतील, तर २४ तासांनी बीपीपी परत. मध्येच लेट डिसेलरेशन येऊ लागली किंवा गुण ४ वर आले तर थांबायचं नाही. ३७ आठवडे झाले असते तर याच ६ वर मीही डिलिव्हरीच म्हटलं असतं.

कात्रीवाले: डॉपलरवरही डोळे मिटून विश्वास नको. डायस्टोलचा प्रवाह गायब असलेल्या काही केसेसमध्ये स्टिरॉइडनंतर तो थोडे दिवस परत दिसतो. आधीचा डॉपलर आहे?

तालुका_लेबररूम: नाही. डॉपलर करणारे सोमवारी येतात.

सोनोखोली: मग एनआयसीयू आणि डॉपलर दोन्ही असतील तिथे आत्ताच हलवा.

कात्रीवाले: हलवा. माझं मत तेच आहे, पण चिठ्ठीत दोन्ही डोसांची तारीख-वेळ लिहा, नाहीतर तिथले पट्टी बघून सरळ थिएटरात घेतील.