तो तंबोराच

> म्हार्दोळला देवळात गायकाच्या मागे तार छेडल्यावर भुंग्यासारखी गुणगुण येत होती. सतार का?

सूर वर-खाली सरकत होता का? मींड ऐकू आली असेल तर सतार. पण त्याच चार तारा, प, सा, सा आणि खर्जाचा सा, संथपणे फिरत असतील तर तो तंबोरा. गुणगुण दोन्हींत असते, म्हणून नुसत्या तिच्यावरून ठरवू नका. ती जवारीची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा किंचित उतरता असतो आणि कंप पावणारी तार त्याला हलकेच घासत राहते. तंबोऱ्यात तारेखाली सुती दोरा असतो. आमच्या फोंड्याच्या तंबोऱ्याचा दोरा तांदळाच्या दाण्याएवढा सरकला, तरी भुंगा गप्प! मग नुसता ‘टण्ण’ आवाज.