अनुभव धागा: फोनवर कोणता पिक्चर, टीव्हीवर कोणता?

मांजराकाठ (लातूर)

आमच्याकडे शनिवारी रात्री वाद ठरलेला. पोरगा फोन घेऊन कोपऱ्यात बसतो आणि त्याचे आजोबा विचारतात, मग टीव्ही कशाला घेतला? मला वाटतं दोघंही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या पिक्चरांच्या बाबतीत. म्हणून हा धागा. आवडत्या पिक्चरांच्या याद्या नकोत. एकच पिक्चर दोन्हीकडे बघितला असेल, किंवा एकीकडे बघताना काहीतरी निसटल्याचं जाणवलं असेल, तर तेवढं लिहा. चित्राचं लिहा तसं आवाजाचंही लिहा.

सुरुवात मी करतो. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', १९६२ चा, ७० मिलिमीटरवर चित्रित केलेला. त्यात शरीफ अली पहिल्यांदा येतो तो वाळवंटाच्या पार टोकाला, मृगजळात थरथरणारा काळा ठिपका म्हणून. विहिरीवरची दोन माणसं तिकडं टक लावून बसलेली, संगीत नाही, काही नाही. रेल्वेत फोनवर बघताना मला तो ठिपका दिसलाच नाही. बराच वेळ काही घडेना म्हणून मी पुढे ढकलला आणि एकदम उंटावरचा माणूस समोर. नंतर घरी टीव्हीवर लावला तेव्हा कळलं की ते ताटकळणं हाच तो प्रसंग आहे.

रातपाळी (परभणी)

सर, आमच्याकडं मोटारीची लाईट रात्रीची असते, त्यामुळं माझं थेटर म्हणजे विहिरीवरची बाज. टीव्ही घरी आहे, पण तो सिरियलवाल्यांचा. मी एका कानात इअरफोन घालतो. दुसरा कान मोटारीकडं, कारण पाणी ओढायचं बंद झालं की तिचा आवाज पातळ होतो आणि उठावं लागतं.

अशा बघण्याला 'एक रुका हुआ फैसला' एक नंबर. १९८६ चा आहे, एका खोलीत बारा माणसं आणि नुसती वादावादी. मधेच उठून पाण्याचं दारं मोडून आलो तरी धागा तुटत नाही, कारण सगळं बोलण्यात आहे. तोंडं जवळून दिसतात, कोण चिडला, कोण गप बसला, फोनवर नीट कळतं.

'तुंबाड' मात्र तिथं हुकला. वाटलं होतं मिट्ट काळोखात लई भारी वाटंल. पण पडद्याचा उजेड वाढवला की किडे तोंडावर येतात, आणि कमी केला की त्या वाड्यातलं आणि खालच्या गाभाऱ्यातलं काहीच दिसत नाही. कंदील तेवढा हालताना दिसतो.

टेपपट्टी (छत्रपती संभाजीनगर)

टीव्ही आणि स्पीकर जोडून द्यायचं माझं काम आहे, त्यामुळं मी लोकांच्या हॉलमध्ये टेप घेऊनच जातो. मांजराकाठ सर, तुमच्या ठिपक्याबद्दल थोडं वेगळं मत आहे. घरी मोजून बघा.

साडेसहा इंची फोन आडवा धरला की पडदा साधारण १५ सेंटीमीटर रुंद भरतो. आपण तो फूटभर अंतरावर, म्हणजे ३० सेंटीमीटरवर धरतो. रुंदी अंतराच्या निम्मी झाली. आता ४३ इंची टीव्ही घ्या. रुंदी ९५ सेंटीमीटर. सोफा भिंतीला टेकलेला, अंतर दहा फूट, म्हणजे तीन मीटर. रुंदी अंतराच्या तिसऱ्या हिश्शालाही जेमतेम पोचते. म्हणजे डोळ्याला फोनचा पडदा टीव्हीपेक्षा मोठा पडतो! टीव्हीला फोनची बरोबरी करायची तर खुर्ची सहा फुटांवर ओढावी लागेल. आपल्याकडे ती कुणी ओढत नाही, कारण मधून येणं-जाणं असतं.

मग ठिपका का गेला? माझ्या मते दोन कारणं. रेल्वेच्या खिडकीचा उजेड काचेवर पडला की वाळवंटासारखं फिकट चित्र धुऊन निघतं. दुसरं, नेट कमी असलं की ॲप आपोआप दर्जा उतरवतं, आणि बारीक थरथरणारी गोष्ट त्यात सगळ्यात आधी पुसली जाते. पाऊस, धूळ, धूर यांचंही तेच. रातपाळी दादा, 'तुंबाड'मध्ये तर पाऊस थांबतच नाही. घरच्या वायफायवर वरच्या दर्जात डाउनलोड करून न्या आणि पुन्हा बघा. किड्यांवर माझ्याकडे उपाय नाही.

आणखी एक उलटी गोष्ट. लोक म्हणतात, रुंद पिक्चर टीव्हीवरच बघावा. पण हल्लीचे फोन इतके लांबट आहेत की रुंद पिक्चर त्यांच्यावर जवळजवळ पूर्ण बसतो, टीव्हीवर त्यालाच वरखाली काळ्या पट्ट्या येतात. फोनवर खरं नुकसान होतं जुन्या चौकोनी चित्राचं. १९५३ चा 'श्यामची आई' फोनवर लावला तर दोन्हीकडे पट्ट्या येऊन चित्र उरतं नऊ सेंटीमीटर. आणि बोटांनी ताणून पडदा भरला की श्यामचं डोकं वरून कापलं जातं.

बालाघाट (बीड)

एवढी मोजामोजी कशाला? ४के टीव्ही घ्या, विषय मिटला. आमच्याकडे आल्यापासून सगळं लख्ख दिसायलंय.

टेपपट्टी

४३ इंचीवर दहा फुटांवरून साधं फुल एचडी आणि ४के यांतला बारकावा डोळ्याला वेगळा काढता येत नाही. पडद्याचे ठिपके तेवढ्या अंतरावरून आधीच एकमेकांत मिसळलेले असतात. तुम्हाला लख्ख दिसतं याचं कारण बहुतेक असं, की ४के मागितलं की ॲप जास्त डेटा पाठवतं आणि चित्र कमी फुटतं. शिवाय नवीन टीव्हीचा उजेडही जास्त असतो.

बालाघाट

म्हणजे फरक पडतोच की! तेच म्हणायलोय मी.

पेढेवाली (धाराशिव)

माझा प्रश्न आवाजाचा आहे. आमचं घर पत्र्याचं. पावसाळ्यात टीव्हीवर पिक्चर लावला की गाणं दणकून येतं, मारामारी शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाते आणि माणसं बोलायला लागली की ओठ तेवढे हलतात. रिमोट हातातच. बोलणं आलं की वाढव, संगीत आलं की कमी कर. फोनवर तोच पिक्चर शब्द न् शब्द कळतो. एवढ्याशा फोनचा आवाज स्पष्ट आणि एवढ्या मोठ्या टीव्हीचा नाही, असं का?

सगळ्यात मजा 'सैराट'ची झाली. शेवटी ते लेकरू रक्ताचे पाय उमटवत बाहेर येतं तेव्हा आवाज पार बंद केलेला आहे. सासूबाईंना वाटलं पत्र्यामुळे ऐकू येईना. त्यांनी रिमोटवर आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. मागून पुढची जाहिरात सुरू झाली तेव्हा मांजर खिडकीतून पळालं.

टेपपट्टी

ताई, पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाज भिंतीला आपटून तुमच्यापर्यंत येतो आणि वर पत्र्याचा गोंगाट. फोनला घुमणारा खालचा आवाज काढताच येत नाही, पण शब्द ओळखायला लागणारे च, स, त हे आवाज वरच्या पट्टीतले. ते फोन नीट काढतो, आणि तो हातात, तोंडासमोर असतो. म्हणून बोलक्या पिक्चरला फोन चालतो. भुताच्या पिक्चरमधली जमिनीतून येणारी घरघर मात्र फोनच्या स्पीकरवर जवळजवळ नाहीशी होते. ती इअरफोनमध्ये परत येते.

आता टीव्हीचं. पिक्चर चालू असताना आवाज आणि सबटायटलचा मेनू उघडा. भाषेपुढे 5.1 लिहिलेलं असेल आणि त्याच भाषेचा दुसरा, 5.1 नसलेला पर्याय दिसत असेल तर तो निवडा. 5.1 मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळा ठेवलेला असतो. तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही, मग टीव्ही सगळं दोन स्पीकरांत ओततो आणि संगीत संवादावर बसतं. दुसरा पर्याय नसेल तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद उठवणारा प्रकार असतो, त्याला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. पत्र्यावर मुसळधार कोसळायला लागला की यातलं काहीच पुरणार नाही. तेव्हा सबटायटल लावा.

पैनगंगा (हिंगोली)

माझ्या फोनवरचा पिक्चर टीव्हीवर टाकला की आवाज फोनमधूनच येतो. काय करावं? फोन दोन वर्षं जुना आहे.

मांजराकाठ

दादा, धागा वेगळा आहे, पण फोनला ब्लूटूथ इअरफोन जोडलेला राहिला नाही ना, ते आधी बघा.

वसतिगृह (नांदेड)

मी 'कोर्ट' होस्टेलवर फोनवर बघितला होता, दिवाळीत घरी टीव्हीवर पुन्हा बघितला. टेपपट्टी काकांचं गणित मान्य, पण माझा अनुभव वेगळा आहे. त्या पिक्चरमध्ये कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. कोर्टाच्या खोलीत वकील, कारकून, पुढच्या तारखेची वाट बघणारी माणसं, सगळी एकदम दिसतात आणि कुणाकडे बघायचं ते आपण ठरवायचं. फोनवर मी बोलणाऱ्याकडेच बघत राहिले. टीव्हीवर नजर इकडेतिकडे फिरली, आणि मागच्या बाकांवरची माणसं पहिल्यांदा दिसली.

शेवटाकडे सुट्टी लागते, कोर्टातले दिवे बंद होतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. फोनवर मला वाटलं संपला, मी बंद करून झोपले. त्याच्यापुढचा न्यायाधीशाच्या सहलीचा अख्खा भाग मला माहीतच नव्हता!

टेपपट्टी

हे पटलं. माझं गणित नजरेत किती मावतं एवढंच सांगतं. फोनवर डोळे जवळजवळ स्थिर राहतात, ते फिरत का नाहीत हे टेपने मोजता येत नाही. फूटभरावर धरून हात अवघडतो आणि फोन हळूहळू पोटावर येतो, हेही असेल.

रातपाळी

ताई, काळ्या पडद्याचं म्हणाल तर फोन चांगला असला की काळं खरंच काळं दिसतं. आमच्या घरच्या टीव्हीवर रात्रीचा सीन राखाडी दिसतो, मागून उजेड झिरपल्यासारखा. 'तुंबाड' शेवटी घरीच बघितला, दार लावून, फोनवर, दोन्ही कानांत वायरवाला इअरफोन घालून. टीव्हीपेक्षा मला तोच बरा वाटला.

मांजराकाठ

आणि आमचे वडील म्हणतात नव्या टीव्हीवर पिक्चरही सिरियलसारखा दिसतो, गुळगुळीत. ते कशामुळे?

टेपपट्टी

पिक्चर सेकंदाला २४ चित्रांचा असतो. नवा टीव्ही मधली चित्रं स्वतः घडवून भरतो, क्रिकेटला ते बरं दिसतं. चित्राच्या सेटिंगमध्ये मोशन नावाचं काहीतरी असेल, ते बंद करा, किंवा सरळ सिनेमा मोड लावा. वडिलांना विचारा आता बरं दिसतंय का. रंग जरा पिवळट वाटतील, दोन दिवस राहू द्या.

बालाघाट

आमच्या ४केला ते बटण सापडंना. कुठं असतंय?